भागधारक करारनामा, भाग 6: अग्रक्रय हक्क, टॅग-अलाँग आणि ड्रॅग-अलाँग

6.1 पार्श्वभूमी

(अ) कंपनी ही पिंपळगाव बसवंत, ता. निफाड येथे बेदाणा प्रक्रिया आणि शीतगृह चालवणारी खासगी कंपनी आहे. तिचे प्रत्येकी ₹10 दर्शनी किमतीचे 10,00,000 इक्विटी शेअर आहेत. त्यांपैकी थोरले प्रवर्तक 4,20,000 आणि धाकटे प्रवर्तक 3,00,000 शेअर धारण करतात. उरलेले 2,80,000 शेअर सात द्राक्ष बागाईतदारांकडे, प्रत्येकी 40,000 प्रमाणे आहेत. त्यांना यापुढे "गुंतवणूकदार" म्हटले आहे. गुंतवणूकदारांनी प्रतिशेअर ₹250 दिले असून वाटप 1 एप्रिल 2025 रोजी झाले आहे.

(आ) गुंतवणूकदारांचे मिळून 28 टक्के होतात. विशेष ठराव अडवायला तेवढे पुरतात, पण कंपनी कोणाच्या हाती जावी हे ठरवायला पुरत नाहीत. प्रवर्तक चांगला भाव घेऊन बाहेर पडले आणि गुंतवणूकदार अनोळखी मालकाच्या हाताखाली अडकले, असे होऊ नये, तसेच त्यांचे शेअर कमी भावात ओढून नेले जाऊ नयेत, हा या भागाचा हेतू आहे. कलमाच्या अर्थाबद्दल शंका आल्यास याच हेतूला धरून अर्थ लावावा.

6.2 नवे शेअर काढताना

कंपनी नवे शेअर, किंवा शेअरमध्ये बदलता येणारे रोखे, काढील तेव्हा ते कंपनी कायदा 2013 च्या कलम 62(1)(अ) प्रमाणे आधी विद्यमान भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात देऊ करील. त्यासाठी मुदत 21 दिवसांची राहील. कर्मचारी शेअर योजनेतील एकूण 50,000 शेअरपर्यंत हे कलम लागू नाही. कलम 62(1)(क) खाली बाहेरच्या व्यक्तीला शेअर द्यायचे झाल्यास किमान पाच गुंतवणूकदारांची आगाऊ लेखी संमती लागेल.

6.3 शेअर विकताना अग्रक्रय हक्क

(अ) कोणत्याही भागधारकाला शेअर विकायचे असतील तर त्याने कंपनीला आणि इतर सर्व भागधारकांना लेखी विक्री-सूचना द्यावी. तीत शेअरची संख्या, प्रतिशेअर भाव, खरेदीदाराचे नाव, पैसे कधी आणि कसे मिळणार हे सगळे लिहावे आणि खरेदीदाराच्या सहीच्या प्रस्तावाची प्रत जोडावी. तोंडी बोलणे किंवा नुसता मोबाइल संदेश ही सूचना नव्हे.

(आ) सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत इतर भागधारकांना त्याच भावाने, आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात, ते शेअर घेता येतील. कोणी न घेतलेले शेअर, घेणाऱ्या इतरांना पुढील 10 दिवसांसाठी पुन्हा देऊ करावेत. थोरले आणि धाकटे प्रवर्तक यांच्यातील विक्रीही या कलमातून सुटत नाही.

(इ) त्यानंतरही उरलेले शेअर सूचनेतील खरेदीदाराला 90 दिवसांच्या आत, सूचनेतल्यापेक्षा कमी नसलेल्या भावाने विकता येतील. मुदत गेली किंवा भाव खाली आला तर विक्री-सूचनेपासून सगळे पुन्हा सुरू करावे.

(ई) वारसाहक्काने, अथवा पती, पत्नी किंवा अपत्याच्या नावे होणाऱ्या हस्तांतरणाला हे कलम लागू नाही. मात्र शेअर घेणाऱ्याने आधी या करारात सामील होण्याच्या पत्रावर सही केली पाहिजे.

6.4 टॅग-अलाँग हक्क

(अ) प्रवर्तक शेअर विकत असल्यास, अग्रक्रय हक्क न वापरणाऱ्या गुंतवणूकदाराला 6.3(आ) मधील त्याच 30 दिवसांत "माझेही शेअर विकायचे आहेत" असे कळवून त्याच खरेदीदाराला, त्याच भावाने आणि त्याच अटींवर शेअर विकता येतील.

(आ) हा व्यवहार आणि आधीच्या 12 महिन्यांतील विक्री मिळून दोघा प्रवर्तकांचा हिस्सा 51 टक्क्यांच्या खाली जात नसेल, तर गुंतवणूकदाराला प्रमाणात सामील होता येईल. प्रमाण काढताना विकणारा प्रवर्तक आणि सामील होणारे गुंतवणूकदार यांचे एकूण शेअर धरावेत. प्रत्येकाचा अपूर्णांक सोडून द्यावा आणि त्यातून उरणारा शेअर प्रवर्तकाच्या वाट्याला जाईल.

उदाहरण: थोरले प्रवर्तक बाहेरच्या खरेदीदाराला 1,80,000 शेअर विकू पाहतात. प्रवर्तकांचा हिस्सा 54 टक्के राहणार आहे. अग्रक्रय हक्क कोणी वापरत नाही आणि तीन गुंतवणूकदार सामील होतात. एकूण शेअर 4,20,000 अधिक 1,20,000, म्हणजे 5,40,000. प्रत्येक गुंतवणूकदाराचे 13,333 आणि थोरल्या प्रवर्तकांचे 1,40,001 शेअर विकले जातील.

(इ) हिस्सा 51 टक्क्यांच्या खाली जात असेल, तर प्रत्येक गुंतवणूकदाराला आपले सर्व शेअर विकण्याचा हक्क राहील. वरील उदाहरणात 1,80,000 ऐवजी 2,40,000 शेअर विकायचे ठरले तर हिस्सा 48 टक्क्यांवर येतो आणि हेच उपकलम लागू होते. अग्रक्रय हक्क वापरून एकच भागधारक 50 टक्क्यांच्या वर जात असल्यास त्याच्याविरुद्धही हा हक्क तसाच वापरता येईल.

(ई) भाव म्हणजे फक्त शेअरपोटी दिलेली रक्कम नव्हे. स्पर्धा न करण्याचा मोबदला, नेमणुकीचे वाजवीपेक्षा जास्त वेतन, सल्लागार शुल्क, यांपैकी जे काही खरेदीदाराकडून प्रवर्तकाला किंवा त्याच्या कुटुंबाला मिळेल ते भावात धरावे. शीतगृह ज्या जमिनीवर उभे आहे ती थोरल्या प्रवर्तकांच्या नावे असून कंपनी भाडे भरते. विक्रीच्या आगेमागे 12 महिन्यांत ते भाडे वाढवले, तर वाढीव रकमेचे नोंदणीकृत मूल्यांकनकाराने ठरवलेले आजचे मूल्यही भावात मिळवावे. पैसे वळवण्याची सर्वात सोपी वाट हीच आहे, म्हणून ती नाव घेऊन बंद केली आहे.

(उ) खरेदीदार गुंतवणूकदारांचे शेअर घ्यायला तयार नसेल तर प्रवर्तकाने ते स्वतः त्याच भावाने, त्याच दिवशी घ्यावेत, नाहीतर आपली विक्री थांबवावी.

6.5 ड्रॅग-अलाँग हक्क

(अ) 1 एप्रिल 2028 नंतर, प्रवर्तकांशी संबंध नसलेल्या खरेदीदाराने कंपनीचे सर्व शेअर घेण्याचा लेखी प्रस्ताव दिला आणि एकूण शेअरपैकी किमान 76 टक्के शेअर धारण करणाऱ्यांनी तो स्वीकारला, तर ते इतर सर्वांना 45 दिवसांची सूचना देऊन आपापले शेअर विकायला लावू शकतील. प्रवर्तकांचे मिळून 72 टक्के आहेत, त्यामुळे किमान एक गुंतवणूकदार राजी असल्याशिवाय हा हक्क वापरता येणार नाही. अशा विक्रीला 6.3 आणि 6.4 लागू नाहीत.

(आ) भाव सर्वांना सारखा आणि पूर्ण रोखीत असला पाहिजे. तो पुढील दोन आकड्यांपैकी मोठ्या आकड्याहून कमी नसावा: सूचनेपूर्वी 60 दिवसांच्या आत नोंदणीकृत मूल्यांकनकाराने काढलेली रास्त किंमत, अल्पहिस्सा म्हणून कोणतीही वजावट न करता, आणि ₹250 अधिक वाटपापासून दरवर्षी ₹30.

(इ) ओढून नेलेल्या गुंतवणूकदाराने फक्त शेअर आपले आहेत आणि त्यांवर बोजा नाही, एवढीच हमी द्यावी. त्याची जबाबदारी त्याला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपुरतीच राहील. कंपनीच्या धंद्याबद्दल त्याने हमी देणे नाही. स्पर्धा न करण्याची अटही त्याच्यावर घालता येणार नाही. तो बागाईतदार आहे आणि आपला माल कुठे विकायचा हे त्याचे त्यानेच ठरवायचे आहे.

(ई) रक्कम एस्क्रो खात्यात पूर्ण जमा झाल्यावरही कोणी सही केली नाही, तर कंपनीचे लेखापरीक्षक नसलेल्या सनदी लेखापालास त्याच्या वतीने, फक्त या विक्रीपुरती, नमुना एसएच-4 वर सही करण्याचा किंवा शेअर डिमॅटमध्ये असल्यास डिपॉझिटरी सूचना देण्याचा अधिकार राहील. पैसे त्या भागधारकाच्या नावे खात्यात राहतील.

6.6 नियमावलीत समावेश आणि भंग

(अ) हस्तांतरणावरील जे निर्बंध नियमावलीत नाहीत ते कंपनीवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. बी. रंगराज प्रकरणात 1991 साली म्हटले आहे. म्हणून या करारावर सह्या झाल्यापासून 30 दिवसांत हा संपूर्ण भाग विशेष ठरावाने कंपनीच्या नियमावलीत घालावा. तो पुढे सर्व सभासदांच्या संमतीशिवाय बदलता येणार नाही, अशी कंपनी कायदा 2013 च्या कलम 5 खालील तरतूदही सोबत करावी. त्यासाठी लागणारी सर्व सभासदांची संमती या करारावरील सह्यांनी दिली आहे.

(आ) या भागाच्या विरुद्ध झालेले हस्तांतरण संचालक मंडळाने नोंदवू नये. ज्या प्रवर्तकाने टॅग-अलाँग हक्क डावलून शेअर विकले, त्याने संबंधित गुंतवणूकदाराचे शेअर त्याच भावाने, 12 टक्के व्याजासह, मागणीपासून 30 दिवसांत स्वतः विकत घ्यावेत. नुकसानभरपाईने हे नुकसान भरून निघत नाही, हे पक्षकारांना मान्य असून करार जसाच्या तसा पाळायला लावणारा आदेश मागता येईल.

(इ) वाद लवाद आणि सलोखा कायदा 1996 प्रमाणे एका लवादापुढे चालेल. स्थान नाशिक, भाषा मराठी.