तापमानवाढ आणि डोंगरउतारावर वर सरकणाऱ्या प्रजाती: पुरावे आणि त्यांची मर्यादा
(सत्र निबंध, परिस्थितिकी)

डोंगरावर उंची वाढली की हवा गार होत जाते. सरासरी दर किलोमीटरला सुमारे 6.5 अंश सेल्सिअस. म्हणून 1 अंश तापमानवाढीमागे प्रजातीने साधारण 150 मीटर वर जायला हवे, असा ढोबळ हिशेब मांडला जातो. प्रत्यक्ष नोंदी या हिशेबाशी क्वचितच जुळतात. प्रजाती वर सरकत आहेत हे पक्के आहे, पण किती सरकल्या यापेक्षा आढळक्षेत्राची कोणती कड सरकली हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

पुरावे

अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून 2011 साली झालेल्या विश्लेषणात दर दशकाला 11 मीटर हा मध्यक मिळाला. पश्चिम युरोपातील 171 वनस्पतींची 1905-1985 आणि 1986-2005 या दोन कालखंडांत तुलना केली, तेव्हा त्यांची सर्वाधिक अनुकूल उंची दशकाला 29 मीटरने वाढलेली दिसली. बोर्निओतील किनाबालू पर्वतावर 1965 ते 2007 या 42 वर्षांत पतंगांच्या 102 प्रजाती सरासरी 67 मीटर वर गेल्या. सिक्कीममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांच्या 1849-50 च्या नोंदी हाताशी धरून 124 प्रदेशनिष्ठ वनस्पती पुन्हा तपासल्या गेल्या. त्यांपैकी 87 टक्के प्रजातींचे आढळक्षेत्र सरकलेले होते.

न्यू गिनीतील पक्ष्यांचा पुरावा सर्वांत बोलका वाटतो. 1960 च्या दशकातल्या सर्वेक्षणांनंतर तिथले तापमान सुमारे 0.39 अंशाने वाढले. वरच्या हिशेबाने 60 मीटर सरकणे अपेक्षित होते. वरची मर्यादा मात्र करिमुई पर्वतावर सरासरी 113 मीटर आणि करकर बेटावर 152 मीटर चढली. खालची मर्यादाही अनुक्रमे 95 आणि 123 मीटर वर गेली. म्हणजे हे पक्षी नुसते वर पसरलेले नाहीत. खालची जागाही त्यांनी सोडली आहे.

खालची कड का निर्णायक

वरची कड चढली आणि खालची जागेवर राहिली, तर क्षेत्र वाढते. युरोपातील 302 शिखरांवर हेच दिसते: 1957-66 मध्ये दर शिखरावर सरासरी 1.1 प्रजातींची भर पडली होती, 2007-16 मध्ये 5.5 ची. हा आकडा समृद्धीचा भासतो. पण खालून आलेल्या वनस्पती सावकाश वाढणाऱ्या, बुटक्या उच्चपर्वतीय वनस्पतींना झाकू लागल्या, तर ऱ्हास उशिरा उघड होतो, कारण दीर्घायुषी झाडोरा हटायला दशके लागतात. माथ्यावर राहणाऱ्यांना तर वर जायला जागाच नसते. पेरूमधील पांतियाकोया कड्यावर 1985 साली नेहमी दिसणारे माथ्यावरचे काही पक्षी 2017 च्या फेरसर्वेक्षणात सापडलेच नाहीत.

डोंगर म्हणजे वर निमुळता होत जाणारा सुळका ही समजूतही सर्वत्र लागू नाही. जगातील 182 पर्वतरांगांच्या मोजणीत जवळपास दोन तृतीयांश रांगा तशा नव्हत्या. काहींत मधल्या उंचीवर क्षेत्र जास्त असते. त्यामुळे धोका रांगेगणिक वेगळा मोजावा लागतो.

सगळे वरच जात नाहीत

कॅलिफोर्नियातील योसेमिटीत प्राणिशास्त्रज्ञ ग्रिनेल यांच्या 1914-20 च्या नोंदींशी तुलना केली असता 28 लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्मे सरासरी 500 मीटर वर गेलेले आढळले. योसेमिटी ज्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत आहे, तिथल्या पक्ष्यांत 84 टक्के प्रजाती सरकल्या खऱ्या, पण मर्यादांच्या बदलांपैकी फक्त 51 टक्के वरच्या दिशेने होते. उष्णता वर ढकलते आणि वाढलेला पाऊस खाली ओढू शकतो. नुसत्या तापमानावर बांधलेले भाकीत इथेच फसते.

आकडे कुठे चुकतात

जुनी नोंद किती विश्वासार्ह आहे, यावर सगळे उभे असते. निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांच्या इक्वाडोरमधील चिंबोराझो पर्वतावरच्या 1802 च्या नोंदींवरून वनस्पती 500 मीटरहून अधिक वर सरकल्याचे 2015 मध्ये मांडले गेले. पुढे मूळ नमुने तपासल्यावर बऱ्याच नोंदी अँटिसाना पर्वतावरच्या निघाल्या, आणि तिथल्या फेरतुलनेत सरकणे 215 ते 266 मीटर ठरले. दिशा तीच राहिली, आकडा निम्म्यावर आला.

दुसरी अडचण न दिसण्याची. एका फेरीत प्रजाती दिसण्याची शक्यता p असेल, तर n स्वतंत्र फेऱ्यांत ती एकदा तरी दिसण्याची शक्यता `1-(1-p)^n`. p = 0.3 असेल, तर तीन फेऱ्यांत ती 66 टक्केच, पाच फेऱ्यांत 83 टक्के. जुन्या सर्वेक्षकाने तीनदा आणि नव्याने पाचदा पाहिले, तर वरची कड आपोआप चढलेली वाटते. म्हणून फेऱ्या, ऋतू आणि वेळ दोन्ही वेळी सारखे ठेवावेत. ते जमत नसेल तर शोधशक्यता वेगळी काढून दुरुस्ती करावी. शिवाय खालच्या मर्यादेच्या खालीही काही ठिकाणे पाहावीत. तिथे शोध घेतलाच नाही, तर प्रजाती तिथून हटली असे म्हणायला आधार राहत नाही.