ड्युटी: टी-२ आंतरराष्ट्रीय अरायव्हल ते पुणे, गुरुवारची रात्र (संतोषभाऊंसाठी)

संतोषभाऊ, निघण्याआधी हे पूर्ण वाचा आणि ड्युटी स्लिपसोबत गाडीत ठेवा. फोन नंबर स्लिपवर आहेत. रात्रभर डेस्कवर मी आहे, कधीही फोन करा.

गेस्ट आणि विमान

गेस्ट एकट्या आहेत, जर्मनीहून येताहेत, भारतात पहिल्यांदाच. चाकणच्या कारखान्यात शुक्रवारी दुपारी त्यांची मीटिंग आहे. मराठी-हिंदी येत नाही, इंग्रजी चांगलं येतं. फ्रँकफर्टहून येणारी फ्लाइट LH 756, उतरायची वेळ रात्री १:०५.

तारखेचा घोळ इथेच होतो, म्हणून नीट बघा. विमान शुक्रवार १६ जानेवारीच्या पहाटे उतरतं, म्हणजे तुम्ही गुरुवारी १५ तारखेला संध्याकाळीच निघायचंय. स्लिपवर १६ लिहिलंय म्हणून १६ च्या संध्याकाळी निघालात तर गेस्ट चोवीस तास आधी उतरलेल्या असतील.

निघताना

पिंपरीहून रात्री ८ ला सुटा. त्याआधी दुपारी किमान चार तास झोप काढा. परतीचा घाट पहाटे तीन-साडेतीनला चढायचा आहे आणि सगळ्यात जास्त डुलकी त्याच वेळी लागते. डिझेलची टाकी पुण्यातच फुल करा, गेस्ट गाडीत असताना पंपावर जायचं नाही. फास्टॅगमधला बॅलन्स बघून घ्या. मागच्या सीटचे दोन्ही बेल्ट बाहेर काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत ते कव्हरखाली दडपलेले असतात, आणि युरोपातला माणूस बसल्या बसल्या पहिला बेल्टच शोधतो. सीलबंद पाण्याच्या दोन बाटल्या, टिश्यूचा डबा, चार्जिंगची केबल ठेवा. अत्तराची कुपी किंवा उग्र वासाचं फ्रेशनर काढून टाका. लांबच्या प्रवासानंतर त्या वासानं घाटात मळमळतं.

मॅपवर नुसतं ‘मुंबई एअरपोर्ट’ टाकू नका. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय आणि तो तुमच्या वाटेवरच पनवेलजवळ लागतो, मॅप तिकडे वळवू शकतो. टर्मिनल २, सहार असंच टाका. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आहे, तिथे आपलं काम नाही.

नावाची पाटी

पाटी ए-३ कागदावर, पांढऱ्यावर काळी अक्षरं, मागे पुठ्ठा. एवढंच लिहायचं:

```
Ms. SABINE KELLER
```

कंपनीचं नाव, हॉटेलचं नाव, ‘पुणे’ यातलं काहीही पाटीवर नको. रेलिंगजवळ रिकामे फिरणारे लोक सगळ्या पाट्या वाचत असतात. नाव आणि कंपनी दोन्ही दिसलं की तोच माणूस चार पावलं पुढे जाऊन ‘मॅडम, कंपनीने मला पाठवलंय’ म्हणतो. लॅमिनेशन करू नका, वरच्या दिव्यांचा उजेड त्यावर चमकतो आणि लांबून अक्षरं दिसत नाहीत. पेनानं लिहिलेली पाटीही चालणार नाही, डेस्कवरून प्रिंट घेऊन जा. पाटीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कागद फाटला किंवा गाडीत राहिला तर तो फोटो पूर्ण ब्राइटनेसवर धरता येईल.

पार्किंगमध्ये कधी शिरायचं

साडेबारापर्यंत अंधेरीच्या परिसरात पोहोचा. पार्किंगचे पैसे वेळेच्या टप्प्यानं चढतात, त्यामुळे आधीच आत शिरून बसण्यात अर्थ नाही. आणि अरायव्हलच्या लेनमध्ये गाडी उभी करायचीच नाही. ती लेन थांबण्यासाठी नाही, लगेच हटवतात, आणि तुम्ही गाडीपाशी अडकलात तर रेलिंगला कोण उभं राहणार?

फ्लाइट ट्रॅकरवर ‘लँडेड’ दिसलं की गाडी बहुमजली पार्किंगमध्ये घाला. विमान लवकरही उतरू शकतं, म्हणून बारा वाजल्यापासून बघत राहा. जानेवारीत फ्रँकफर्टला बर्फ असतो, उशीरही होऊ शकतो. तसं झालं तर मी कळवते. गाडी लावली की मजला आणि खांबाचा नंबर यांचा फोटो काढा, पार्किंगची चिठ्ठी खिशात ठेवा. पहाटे सगळे मजले सारखेच दिसतात, आणि दमलेल्या पाहुण्याला ट्रॉलीसकट दोन मजले फिरवणं वाईट दिसतं.

रेलिंगला

उतरल्यापासून बाहेर यायला पाऊण ते दीड तास लागतो. मॅडमचा ई-व्हिसा आहे. त्यांचे काउंटर वेगळे असतात, बोटांचे ठसे घेतात, दोन-तीन मोठी विमानं एकदम उतरली की रांग लांबते. मग बॅगांचा पट्टा, मग कस्टम. पण फक्त हातातली बॅग असेल तर माणूस अर्ध्या तासातही येतो. म्हणून लँडिंगनंतर पंचवीस मिनिटांच्या आत तुम्ही रेलिंगला हजर पाहिजे.

टी-२ ला देशातली विमानंही उतरतात आणि त्यांचा दरवाजा वेगळा आहे. तुम्ही `International Arrivals` या बोर्डाखालच्या रेलिंगला थांबा. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे आत शिरायचा प्रयत्न नको. उभं राहायचं ते दरवाजातून सरळ दिसेल अशा जागी, पुढच्या ओळीत. पाटी छातीच्या उंचीवर, दोन्ही हातांनी.

संतोषभाऊ, या सगळ्या कागदात सगळ्यात महत्त्वाचं हेच: रेलिंग सोडायचं नाही. चहा, पाणी, बाथरूम, सगळं विमान उतरायच्या आधी उरका. दारातून बाहेर आलेला परदेशी माणूस पहिली दहा-वीस सेकंदं फक्त स्वतःचं नाव शोधतो. ते दिसलं नाही की थांबतो, आणि थांबला की कोणीतरी जवळ येऊन ‘टॅक्सी?’, ‘तुमच्या ड्रायव्हरला फोन लावून देतो’ सुरू करतं. पाटी खाली करून मोबाईल बघत बसलात तर तेवढ्यात गेस्ट समोरून निघून जातील. फोन आला तर ब्लूटूथवर घ्या, नजर दारावर.

उभे राहिलात की पाटी आणि मागचा बोर्ड एकत्र दिसेल असा एक फोटो मला पाठवा. मी तो मॅडमना पाठवते. त्यांच्या जर्मन नंबरवर तुम्ही थेट फोन करू नका. रोमिंग बंद असेल तर लागणार नाही, आणि लागलाच तर अनोळखी भारतीय नंबर बघून त्या उचलणारही नाहीत.

ओळख पटवणं

मॅडमना तुमचं नाव, गाडी पांढरी इनोव्हा आणि नंबरातले शेवटचे चार आकडे आधीच कळवलेत. एक कोडही दिलाय: सात नऊ. त्या तुम्हाला ‘कोड?’ विचारतील, तुम्ही म्हणायचं ‘सेव्हन नाइन’. त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका, आणि शेजारच्या ड्रायव्हरशी गप्पांत तर अजिबात नको. त्यांनी विचारलं म्हणून राग मानू नका, तसं आम्हीच त्यांना सांगितलंय.

नाव मोठ्यानं पुकारायचं नाही, पाटी दाखवायची. त्या जवळ आल्या की:

‘वेलकम, मॅडम. माय नेम इज संतोष. आय विल टेक यू टू पुणे.’

हात जोडून नमस्कार करा. त्यांनी हात पुढे केला तरच हस्तांदोलन. बॅगेला हात लावण्याआधी ‘मे आय?’ विचारा. मोठी बॅग घ्या, लॅपटॉपची आणि खांद्यावरची त्यांच्याकडेच राहू द्या. पासपोर्ट हातात घ्यायचं काहीच कारण नाही. लगेच विचारा: ‘वॉशरूम? सिम कार्ड? मनी चेंज?’ काही हवं असेल तर काउंटरपर्यंत सोबत जा, पण व्यवहारापासून दोन पावलं लांब उभे राहा.

‘तुम्ही इथे थांबा, मी गाडी आणतो’ हे करायचं नाही. पार्किंगपर्यंत दोघांनी बरोबर चालायचं. ट्रॉली तुम्ही ढकला, पण त्यांच्या चालीनं. गाडीपाशी आधी नंबरप्लेट दाखवा, मग दार उघडा.

त्या दिसल्याच नाहीत तर

लँडिंगनंतर ७५ मिनिटं झाली की मला मेसेज, ९० झाली की फोन. जागा सोडू नका. बहुतेक वेळा कारण साधं असतं: व्हिसाची रांग, किंवा बॅग आली नाही म्हणून तक्रारीचा फॉर्म भरणं चालू असतं, त्यात सहज अर्धा-पाऊण तास जातो. तोपर्यंत मी मॅडमशी आणि त्यांच्या ऑफिसशी बोलते. मी ‘निघा’ म्हणेपर्यंत ड्युटी संपलेली नाही.

रस्ता

सहार उन्नत मार्गानं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, मानखुर्द, वाशीचा पूल, कळंबोली, एक्स्प्रेसवे. सुरुवातीलाच सांगा: ‘थ्री अवर्स, मॅडम’. वेळ माहीत असली की माणूस निवांत झोपतो. टोल आणि पार्किंग कंपनीचं आहे, तेही सांगा, नाहीतर प्रत्येक टोलला त्या पाकीट काढतील.

एसी २४ वर. गाणी बंद, फोनवर बोलणं बंद. एक्स्प्रेसवेला सपाटीवर १००, घाटात ६०, आणि कॅमेरे जागोजागी आहेत. घाटात ट्रकच्या रांगेतून डावी-उजवी करू नका. मागे बसलेल्या नवख्या माणसाचा जीव तिथे खरोखर वर-खाली होतो. लोणावळ्याला धुकं असेल तर डिपर खाली ठेवा आणि वेग आणखी कमी करा.

खालापूरच्या फूड मॉलला विचारा: ‘स्टॉप? वॉशरूम, कॉफी?’ झोपल्या असतील तर उठवू नका. पण तुमचे डोळे जड झाले तर त्या झोपलेल्या असल्या तरी थांबा. उजेडात गाडी लावा, दहा मिनिटं चाला, तोंड धुवा. गाडीपासून नजर हलवू नका आणि दार लॉक ठेवा. त्यासाठी उशीर झाला तर मी कोणालाही उत्तर देईन.

किवळ्याला उतरून निगडी, जुन्या हायवेनं खडकी, वाकडेवाडी, संगम पूल, बंडगार्डन, कोरेगाव पार्क. हॉटेलचा पत्ता स्लिपवर आहे.

सोडल्यावर

गाडी हॉटेलच्या पोर्चमध्येच थांबवा. बॅगा मोजून उतरवा, मग मागची सीट, सीटचा खिसा आणि पायाखाली टॉर्च मारून बघा. चार्जर आणि चष्मे तिथेच राहतात. क्लोजिंग किलोमीटर आणि वेळ लिहून मगच मॅडमची सही घ्या, कोऱ्या स्लिपवर सही मागू नका. टिप मागायची नाही, दिली तर घ्या. चेक-इन होऊन रूमची चावी हातात आली हे दिसल्यावरच निघा, कारण पहाटे पाचला रूम तयार नाही असं हॉटेलं म्हणतात. आपलं बुकिंग आदल्या रात्रीपासूनचं आहे. तसं झालं तर रिसेप्शनवरून मला फोन लावून द्या. पार्किंगची पावती आणि सही केलेल्या स्लिपचा फोटो सकाळी १० पर्यंत पाठवा. शुक्रवारी दुपारची चाकणची ड्युटी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली आहे, तुम्ही घरी जाऊन झोपा.