विषय: 2025 संपताना, आपल्या सगळ्यांसाठी

नमस्कार मंडळी,

सगळ्यांकडे ईमेल नाही, म्हणून हे पत्र छापून गेटजवळच्या फळ्यावर आणि कँटीनमध्ये लावायला सांगितलं आहे. घरी दाखवायचं असेल तर ऑफिसमधून प्रत घेऊन जा. या वर्षी घरच्यांनीही बरंच सोसलंय.

मे महिन्यातच पाऊस लागला, रानात पाळी घालायला उसंत मिळाली नाही आणि पेरणीयंत्रांचा आपला ऐन हंगाम विस्कटला. 15 ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि डीलरांनी माल उचलणं थांबवलं. दर उतरणार असताना आज कोण यंत्र घेईल? शेती अवजारांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. पण आपण घेतो त्या लोखंडावर 18 टक्के तसाच राहिला. तो जास्तीचा कर परताव्यातून येईपर्यंत पैसा अडकून पडतो, आणि आपला तो अडकला.

22 सप्टेंबरला नवे दर लागू झाले, तेव्हा आपल्या भागात यंत्र घ्यायच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं. सीना, तेरणा, मांजरा पात्र सोडून वाहत होत्या. सोयाबीन पाण्याखाली, कुठं कुठं मातीच खरडून गेलेली. परंडा-भूमकडच्या डीलरांची उधारी मागायला फोन लावायचा नाही, असं आपण ठरवलं. तो निर्णय अकाउंट्समधल्या दोघींनी पहिल्यांदा बोलून दाखवला होता, हे मला इथं नोंदवायचं आहे. महिनाअखेरीला पैसे जुळवायचे कसे, याचा घोर त्यांनाच सगळ्यात जास्त होता. तरी त्या म्हणाल्या, "ताई, आत्ता नको."

सप्टेंबरचा पगार दोन हप्त्यांत करावा लागला. दसरा तोंडावर होता. कोणी काम बंद ठेवलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. वेल्डिंगमधल्या मामांनी स्वतःहून येऊन सांगितलं की आधी हेल्परांचे पैसे पूर्ण द्या, आम्ही थांबतो. त्यांच्यामागे सगळे जुने फिटर उभे राहिले. त्या वेळी बँकेच्या कागदांपेक्षा मला याच गोष्टीचा जास्त आधार वाटला. आपण 86 जण जानेवारीत होतो, आज 86 आहोत. एकालाही घरी पाठवावं लागलं नाही, याचं श्रेय त्या थांबणाऱ्यांचं आहे.

सर्व्हिसच्या पोरांबद्दल तर किती लिहू! पाणी ओसरल्याबरोबर ही मुलं गाळानं भरलेल्या वस्त्यांवर पोचली. बियाण्याच्या पेट्या धुतल्या, गंजलेल्या साखळ्या आणि बेअरिंगं बदलली, मजुरी घेतली नाही. यातल्या तिघांच्या स्वतःच्या घरचं सोयाबीन गेलं होतं. आपलं रान तसंच सोडून ते दुसऱ्याच्या बांधावर यंत्र खोलून बसले. ऑक्टोबरअखेर वाफसा यायला लागला, हरभऱ्याच्या पेरणीची एकच घाई उडाली, आणि त्याच वस्त्यांवरून आपल्याला फोन आले. रब्बीची मागणी आली ती या मुलांमुळं. ती पुरी झाली असेंब्ली आणि पेंट शॉपमुळं. दिवाळीनंतर दोन्ही पाळ्या चालवल्या, रंग वाळायला ऊन नव्हतं तरी पेंटमधल्या मावशींनी एकही यंत्र कच्च्या रंगाचं बाहेर जाऊ दिलं नाही.

स्टोअर, डिस्पॅच, आमचे ड्रायव्हर भाऊ, सुरक्षेवरचे काका, कँटीनवाल्या वहिनी, तुम्हा प्रत्येकाला मी येत्या दिवसांत भेटणारच आहे. येळवशीला ज्यांनी मला आणि ऑफिसच्या मंडळींना शेतात बोलावलं, भज्जी आणि आंबील पोटभर खाऊ घातली, त्यांच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा. पीक गेलेल्या वर्षी पाहुण्याला असं वाढायला फार मोठं मन लागतं.

आता पैशांचं. सप्टेंबरच्या पगाराचा राहिलेला भाग नोव्हेंबरमध्ये दिला आहे. दिवाळी बोनसचा जो अर्धा भाग बाकी आहे, तो 7 जानेवारीच्या पगारासोबत खात्यावर येईल. ती रक्कम वेगळी काढून ठेवली आहे, तिला दुसऱ्या कशासाठी हात लागणार नाही. घरचं शेत बुडालेल्यांनी कंपनीकडून घेतलेल्या उचलीची कपात येत्या खरिपाच्या सुगीपर्यंत थांबवली आहे. त्यासाठी अर्ज नको, फक्त एचआरकडे नाव सांगा. वार्षिक पगारवाढ एप्रिलमध्ये होईल. किती, ते मार्चचे हिशेब झाल्यावर सांगेन, आत्ता आकडा देऊन तुम्हाला आशेला लावणं मला पटत नाही.

वर्ष संपलं तरी सगळं सुरळीत झालेलं नाही. बरीच उधारी अजून बाहेर आहे. पण जूनच्या पेरणीसाठी लागणारं लोखंड घेण्याइतके पैसे हातात आहेत आणि ऑर्डर यायला सुरुवात झाली आहे.

उद्या 1 तारखेला सगळ्यांना सुट्टी. शुक्रवारी पहिली पाळी नेहमीच्या वेळी. त्या दिवशी दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र आहे, डबा आणू नका.

तुम्हा सगळ्यांची मनापासून ऋणी,
ताई