पेटीत न पडलेली पत्रं

रंगकामासाठी सॉर्टिंग रूममधलं लोखंडी कपाट रिकामं केलं, तेव्हा तळाच्या खणात फाटक्या थैलीखाली सुतळीने बांधलेला गठ्ठा निघाला. सगळी आंतर्देशीय पत्रं. पत्ता देवनागरीत, आतला मजकूर मोडीत. साताऱ्याच्या नव्या पोस्टमास्तर मॅडमना पत्ता लागला, पुढचं काही लागेना. निवृत्तीनंतर हौसेने मोडी शिकलेल्या निकम साहेबांना मग बोलावणं गेलं.

साहेबांनी आधी बाहेरूनच वाचलं. ही जुनी खोड. शिक्का कुठेच नाही, म्हणजे पत्र पेटीत पडलेलंच नाही. पिनकोड नाही, म्हणजे १९७२च्या आधीचं. पत्ता परळीच्या एका म्हातारीचा.

मग भिंग घेतलं. मोडीत शब्द सुटे नसतात. आधी रेघ ओढायची आणि खाली लिहीत सुटायचं. त्यात पेन गळकं. पहिल्या पत्राला दुपार गेली. ‘तीर्थरूप मातोश्रीस साष्टांग नमस्कार. गिरणीत रात्रपाळी आहे, म्हणून यायला जमत नाही...’

“मुंबईच्या मुलाचं?” मॅडमनी विचारलं.

“मुंबईचं पत्र साताऱ्याच्या कपाटात कोरं कसं येईल?”

गठ्ठ्यात मनीऑर्डरच्या पावत्याही होत्या. पंधरा-पंधरा रुपयांच्या, इथल्याच कचेरीच्या, पाठवणारा म्हणून त्या मुलाचं नाव. एका पावतीवरची सही बघून साहेबांनी चष्मा काढला. सही त्यांचीच होती. नोकरीला नवे लागले होते तेव्हा. सॉर्टर अण्णा दर महिन्याला खिडकीशी यायचे, फॉर्म सरकवायचे. वर म्हणायचे, “गाववाल्याचं काम आहे, लवकर कर.”

आणि ती म्हातारीही आठवली. एसटीने यायची, सॉर्टिंग रूमच्या दाराशी बसायची, “माझ्या बाळ्याचं काय आलं का बघ की रं,” म्हणायची. अण्णा खरंच सगळे खण चाळून बघायचे. आम्ही हसायचो, असं साहेब म्हणाले आणि पुढचं पत्र उलगडलं.

शेवटच्या पत्रात गिरणी नव्हती. ‘पैसे दुसऱ्याच्या नावाने धाडता येतात. पण हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवणार आणि तुम्ही उलट निरोप धाडणार. तो मी कुणाला देऊ? तुमचा बाळू मुंबईत त्या पत्त्यावर राहत नाही, हे मला दोन वर्षं ठाऊक आहे. तुमची पत्रं परत आली, ती मीच फोडली. नियमाबाहेर केलं.’ खाली अण्णांचं खरं नाव.

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग रजिस्टर ओढलं. “नोंद काय करू? रिटर्न लेटर ऑफिसला पाठवायची का?”

“पोस्टात पडलंच नाही ते टपाल कसलं? खाजगी कागद आहेत.”

“मग द्यायचे कुणाला?”

“अण्णांची मुलगी करंजेत असते. बापाने पगारातले पैसे कुठे घालवले म्हणून अजून चिडून आहे. पावत्या वर ठेवा, पत्रं खाली. मोडी तिला येत नाही, मी वाचून दाखवतो.”