उन्हाळी इंटर्नशिपसाठी ना हरकत प्रमाणपत्र मिळण्याबाबत अर्ज

दि. १३ एप्रिल २०२६
मुंबई

प्रति,
मा. विभागप्रमुख,
स्थापत्य अभियांत्रिकी विभाग

मार्फत : वर्गशिक्षक, तृतीय वर्ष, तुकडी अ

विषय : कॉलेजबाहेरील उन्हाळी इंटर्नशिपसाठी ना हरकत प्रमाणपत्र मिळणेबाबत
संदर्भ : कंपनीचे ऑफर लेटर, दि. ८ एप्रिल २०२६

आदरणीय सर,

मी तृतीय वर्ष स्थापत्य, तुकडी अ, रोल नं. ४६ ची विद्यार्थिनी आहे. घाटकोपरच्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत माझी २५ मे ते १७ जुलै २०२६ अशी आठ आठवड्यांसाठी निवड झाली आहे. ही संधी प्लेसमेंट सेलमार्फत आलेली नसून मी थेट अर्ज केला होता. त्यामुळे कंपनीने विभागाची एनओसी मागितली आहे. त्याशिवाय साइटवर प्रवेश मिळणार नाही आणि अपघात विम्यात नावही घालणार नाहीत.

काम ३० वर्षांवरील इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे आहे. लॅबमध्ये आपण रिबाउंड हॅमर ताज्या क्यूबवर वापरतो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने कडक झालेला असतो, त्यामुळे रीडिंग प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. म्हणून अल्ट्रासॉनिक चाचणी आणि कोअरचे निकाल जोडीला घ्यावे लागतात. ही पडताळणी प्रत्यक्ष इमारतीवरच शिकता येते, आणि पुढच्या वर्षीचा प्रोजेक्टही मला याच विषयावर करायचा आहे.

सहाव्या सत्राची परीक्षा जाहीर वेळापत्रकानुसार २५ मेच्या आधी संपते. तारखा पुढे गेल्यास पेपरच्या दिवशी रजा मिळेल, तसेच सातवे सत्र १७ जुलैपूर्वी सुरू झाल्यास त्या दिवसापासून कार्यमुक्त करू, असे कंपनीने ईमेलने कळवले आहे. हजेरीत सवलत मागणार नाही. दर शनिवारी लॉगबुक विभागाने नेमलेल्या मार्गदर्शकांना दाखवेन आणि इंटर्नशिप संपल्यावर दहा दिवसांत अहवाल सादर करेन. प्रवास, सुरक्षा किंवा अन्य खर्चाची कोणतीही जबाबदारी महाविद्यालयावर येणार नाही. पालकांचे तसे संमतीपत्र जोडले आहे.

प्रमाणपत्र विभागाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक, तारीख, आपली सही व गोल शिक्क्यासह मिळावे. कंपनीचे नाव आणि दोन्ही तारखा ऑफर लेटरप्रमाणेच असाव्यात, एका दिवसाचा फरक असला तरी एचआर पत्र परत पाठवते. माझे नाव ओळखपत्राप्रमाणे वडिलांच्या नावासह घ्यावे. सोयीसाठी मजकुराचा मसुदा जोडला आहे, आपण त्यात योग्य ते बदल करावेत.

कंपनीने २४ एप्रिलपर्यंत मूळ प्रत मागितली आहे. शक्य असल्यास २१ तारखेपर्यंत एनओसी मिळावी, म्हणजे एखादी दुरुस्ती निघाली तरी वेळ राहील. काही शंका असल्यास मी रोज दुपारी ३ नंतर विभागात उपलब्ध आहे.

आपली विश्वासू,
श्रुती महादेव कदम

सोबत : ऑफर लेटर, कंपनीचा ईमेल, पालकांचे संमतीपत्र, पाचव्या सत्राची गुणपत्रिका, ओळखपत्राची प्रत, एनओसीचा मसुदा