सेट झाली ना तुझी!

मयूरी, आत्ताच तुझं स्टेटस पाहिलं, पीडीएफमधला तो पिवळा केलेला सीट नंबर, आणि खरं सांगतो मी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मोठ्याने "झाली!" म्हणून ओरडलो. खूप खूप अभिनंदन गं! फोन लावणार होतो पण उद्या तुमच्याकडे कानबाई, रोटांची गडबड, सगळे भाऊबंद जमलेले असतील, त्यात तू कुठं बोलत बसशील म्हणून लिहितोय.

लाइफ सायन्सची सेट, तीही कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता, अमळनेर-जळगाव रोजचं अपडाऊन सांभाळून. सोपं नाहीये हे. पेपर एकचं तू किती टेन्शन घेतलं होतं, त्या डेटाच्या टेबलांचं, पन्नास प्रश्न आणि एकच तास, "दोन नंबरचा पेपर माझा आहे, पहिल्यातच अडकणार बघ" म्हणायचीस. नाही अडकलीस ना!

एक गोष्ट बरेच दिवस सांगायची होती, आज सांगून टाकतो. त्या दिवशी गाडीत समोरच्या बाईंचा लहान मुलगा खिडकीतून केळीचे बाग बघत होता आणि तू त्याला म्हणालीस की हे खोड नाहीच, एकात एक गुंडाळलेली पानं आहेत, खरं खोड तर जमिनीच्या आत असतं. मग त्याच्याच वहीचं पान घेऊन गुंडाळी करून दाखवलीस. मी रावेरचा, केळीत लहानाचा मोठा झालो, घड उतरल्यावर ते कापलेलं खोड हजारदा पाहिलंय, आत पदर पदर दिसतात, पण कधी असा विचारच नव्हता केला. तो पोरगा भुसावळ येईपर्यंत तुलाच प्रश्न विचारत होता आणि तू एकदाही कंटाळली नाहीस. तेव्हाच वाटलं होतं की ही शिकवायलाच जन्मलीय, रिझल्ट काय, येईलच. आणि मला तू आवडायला लागलीस ते पण त्याच दिवसापासून, हे लिहिताना जरा धडधडतंय पण खरं आहे. यावर लगेच काही बोललंच पाहिजे असं नाही हां, आजचा दिवस फक्त तुझ्या रिझल्टचा.

सर्टिफिकेट आता आयुष्यभराचं आहे, भरती निघेल तेव्हा निघेल, तू आता पात्र आहेस आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. तासांचे पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणून तू मागे वैतागली होतीस ना, ते दिवस लवकर संपोत एवढंच मनापासून वाटतं.

पाहुणे गेले, कानबाई बोळवली की पुढच्या आठवड्यात एक दिवस जळगावला भेटू, कॉलेज सुटल्यावर. शेवभाजी माझ्याकडून, तिखट किती ते तू सांग. आणि त्या रात्री जागून काढलेल्या नोट्स फेकू नकोस, माझ्या बहिणीचं एमएस्सीचं शेवटचं वर्ष आहे, ती आत्तापासूनच मागतेय.

रिप्लायची घाई नाही, आधी रोट होऊ देत.