लातूर मार्केट यार्डातल्या आडत दुकानात हिशोबाला माणूस पाहिजे (मुलगा किंवा मुलगी, कुणीबी चालेल)

मागच्या आठवड्यात ग्रुपवर फिरलेली आमची जाहिरात बाजूला ठेवा, आता हीच धरा. त्यात "वेळेचे बंधन नसावे" आणि "पगार योग्यतेनुसार" असं लिहिलं होतं, त्यावरून कुणालाच काही कळत नव्हतं. आता सगळं खरं खरं सांगतो.

काम असं आहे, सौदा झाला, काट्यावर माल मोजून झाला की शेतकऱ्याची पट्टी बनवायची. नाव, गाव, कट्टे किती, वजन १२ क्विंटल ४० किलो असेल तर तेवढंच, भाव, हमाली-तोलाई वजा, आणि हातात किती येणार ते. शेतकरी समोर उभा असतो, गावाकडची गाडी निघायची त्याला घाई असते, म्हणून पट्टी शांतपणे समजावून सांगणारा माणूस आम्हाला लई महत्त्वाचा. बाकी संध्याकाळी टॅलीत एन्ट्री आणि बँकेचं मिळवणं. जीएसटीचं रिटर्न सीए भरतात, ते तुमच्याकडं नाही.

पगार पहिले २ महिने १३,०००, नंतर १५,०००, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत खात्यावर. वेळ सकाळी १० ते ६:३०. पण सोयाबीनच्या सीझनला, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास, आणि पुढं तूर आली की रात्रीचे ९ वाजतात, हे आधीच सांगतो. त्या दिवसाचे ३०० रुपये वेगळे आणि जेवण दुकानाकडून. मुलगी असेल तर घरापर्यंत सोडायची जबाबदारी आमची. रविवार आणि अमावस्येला सुट्टी, येळवस तर धरलेलीच आहे, शेतात जा निवांत.

दुकानात आम्ही मालक धरून ६ जण, त्यामुळं पीएफ नाही. सीझनला धूळ भरपूर असते, दम्याचा त्रास असेल तर आधी विचार करा. बायकांसाठी वेगळं बाथरूम आहे, कुलूप-किल्लीसकट.

बीकॉम पाहिजेच असं नाही. बारावी झालेली असावी, मराठी टायपिंग यावं आणि बेरीज पक्की असावी. टॅली येत नसेल तर आमचे जुने मुनीम शिकवतील, ते पुढच्या वर्षी काम सोडणारेत म्हणूनच आत्ता माणूस घ्यायचाय. अनुभव नसला तरी या. लग्नानंतर किंवा लेकरांमुळं मधी ४-५ वर्षं काम सुटलंय अशा ताईंनी तर नक्की या, गॅप का पडला म्हणून कुणी उलटतपासणी घेणार नाही. ओरिजिनल मार्कशीट आम्ही ठेवून घेत नाही, डिपॉझिट नाही, बॉन्ड नाही.

यायचं असेल तर ह्याच मेसेजला रिप्लाय करा, नाव आणि गाव लिहा बस. भेटायला दुपारी ४ नंतर बोलवू, तोवर गर्दी कमी होते. एक दिवस काम करून बघा, त्या दिवसाचे ५०० रुपये मिळतील, मग तुम्हाला पटलं तर पुढचं बोलू. निवड नाही झाली तरी ८ दिवसांत फोन करून सांगू, वाट बघत ठेवणार नाही.